ताईच्या नोकरीचे पत्र

रायगडच्या किनाऱ्यावर कोणत्याही गावात जा. मुरूड घ्या, श्रीवर्धन घ्या, नाहीतर रेवदंडा घ्या. कुणाचा मुलगा आखातात असतो, कुणाचा भाऊ जहाजावर असतो. आता मुलीही परदेशी जाऊ लागल्या आहेत. नर्सचे शिक्षण पुरे करायचे आणि बाहेरच्या देशातल्या रुग्णालयाला अर्ज पाठवायचा, असे बऱ्याच घरांत चालले आहे. या अर्जासोबत एक पत्र जोडावे लागते. ते पत्र कसे असावे, आणि कसे नसावे, हे आज आपण पाहू.

आमच्या रात्रवर्गाला मुरूडजवळच्या कोळीवाड्यातले एक गृहस्थ येतात. मासेमारीचा धंदा. पन्नाशीत अक्षरे शिकले. एका रात्री वर्ग सुटल्यावर ते मागे थांबले. बरोबर त्यांची मुलगी होती. आपण तिला नुसते ताई म्हणू. गृहस्थांनी पिशवीतून एक कागद काढला.

"गुरुजी, एवढं बघा. इंग्लंडच्या दवाखान्याला जायचंय. एजंटानं लिहून दिलंय. पोरीची सही तेवढी राहिली."

आम्ही कागद वाचला. इंग्रजी ठीक होते. पण त्यात लिहिले होते की, या मुलीने मोठ्या रुग्णालयात दोन वर्षे स्टाफ नर्स म्हणून काम केले आहे. अतिदक्षता विभाग तिने एकटीने सांभाळला आहे. तिचा इंग्लंडचा परवाना झालेला आहे.

आम्ही ताईला विचारले, "हे खरे आहे का?"

ती खाली बघून म्हणाली, "नाही गुरुजी. मी पास होऊन पाचच महिने झाले."

गृहस्थ म्हणाले, "एजंट म्हणतो, सगळे असंच लिहितात. नाहीतर कुणी घेत नाय. दोन लाख मागतो. होडीवर कर्ज काढावं लागेल."

आम्ही म्हटले, "सही करू नका. उद्या सगळे कागद घेऊन या. आपण नवे पत्र लिहू."

आता एजंटाच्या पत्रात काय चूक होती, ते पाहा. खोटे बोलणे वाईट, हे तर आहेच. पण इथे खोटे टिकतच नाही. इंग्लंडमध्ये नर्सचे काम करायचे तर नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल नावाच्या संस्थेच्या नोंदवहीत नाव लागावे लागते. ही संस्था उमेदवाराच्या शब्दावर विसंबत नाही. ती आपल्या मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडून खात्री करून घेते. ही बाई तुमच्याकडे नोंदलेली आहे का, केव्हापासून आहे, हे परिषद परस्पर कळवते. तो कागद ताईच्या हातून जात नाही. ताईची नोंदणी पाच महिन्यांची आणि पत्रात अनुभव दोन वर्षांचा, हे पहिल्याच तपासणीत दिसणार. मग अर्ज नाकारला जातो. खोटे नंतर उघडकीला आले, तरी नोंदवहीतून नाव काढता येते. तोवर होडीवरचे कर्ज डोक्यावर बसलेले असते.

असे प्रत्यक्ष घडलेले आहे. इंग्लंडसाठी संगणकावर एक परीक्षा द्यावी लागते. नायजेरिया देशातल्या इबादान शहरात या परीक्षेचे एक केंद्र होते. तिथल्या काही निकालांत गैरप्रकार झाल्याचे २०२३ साली बाहेर आले. ज्यांनी त्या केंद्रावर परीक्षा दिली होती, त्यांना ती पुन्हा देण्यास सांगण्यात आले. त्यांतल्या बऱ्याच जणी तोवर इंग्लंडात कामाला लागल्या होत्या.

शिवाय अनुभवाचे हे खोटे लिहिण्याची गरजच नव्हती. पूर्वी इंग्लंडची संस्था १२ महिन्यांचा अनुभव मागत असे. २०१८ साली ती अट निघाली. आज नुकतीच पास झालेली नर्सही नोंदणीसाठी अर्ज करू शकते. रुग्णालयाची गोष्ट मात्र वेगळी. पुष्कळ रुग्णालये स्वतःच्या जाहिरातीत वर्षभराचा अनुभव मागतात. तिथे नवशिकीने अर्ज करून उपयोग नाही. म्हणून पत्र लिहिण्याआधी जाहिरात शेवटपर्यंत वाचायची. जाहिरातीबरोबर एक यादी असते. काय असलेच पाहिजे आणि काय असल्यास बरे, हे त्या यादीत दिलेले असते. आपले पत्र म्हणजे त्या यादीला दिलेले उत्तर होय.

दुसऱ्या दिवशी ताई कागद घेऊन आली. आम्ही तिला सांगितले, "पत्र वाचणारी बाई वॉर्डची प्रमुख असेल. तिच्या मनात तीन प्रश्न असतात. तू कोण, आणि कोणत्या जागेसाठी लिहितेस? तू हाताने काय काय काम केले आहेस? आणि कायद्याने तू कामाला केव्हा लागू शकशील? या तिन्हींची उत्तरे एका पानात आली पाहिजेत."

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे. पण दुसऱ्यापाशी ताई अडली. ती म्हणाली, "गुरुजी, मी नोकरी केलेली नाही. मग काम काय लिहू?"

आम्ही विचारले, "तीन वर्षे तू नुसती पुस्तके वाचलीस का?"

"नाही. पोस्टिंग होत्या की."

इथेच पत्राची खरी पुंजी आहे. नर्सच्या विद्यार्थिनीला वर्गाबरोबर वॉर्डात पाळीपाळीने काम करावे लागते. काही आठवडे औषधोपचाराच्या वॉर्डात, काही शस्त्रक्रियेच्या, मग बाळंतपणाच्या, मग लहान मुलांच्या. मनोरुग्णांची सेवा शिकायला मनोरुग्णालयात, गावची सेवा शिकायला प्राथमिक आरोग्य केंद्रात. शेवटचे सहा महिने तर जवळजवळ पूर्ण वेळ वॉर्डातच जातात. आपल्याकडे मुली याला पोस्टिंग म्हणतात. इंग्लंडात याला प्लेसमेंट म्हणतात. तिथल्या बाईला कळेल असाच शब्द पत्रात घालायचा.

असे आणखी काही शब्द आहेत. आपण जीएनएम म्हणतो. तिकडे ही तीन अक्षरे कुणाला ठाऊक नसतात. म्हणून 'तीन वर्षांचा जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी अभ्यासक्रम' असे पुरते लिहावे. आपण कॅज्युअल्टी म्हणतो, तिकडे इमर्जन्सी डिपार्टमेंट म्हणतात. आपण बोलताना सहज 'केस आली' म्हणतो. पत्रात 'रुग्ण आला' असेच लिहावे.

पण पोस्टिंगची नुसती यादी देऊन भागत नाही. अमुक वॉर्डात चौदा आठवडे, तमुक वॉर्डात सहा आठवडे, हे गुणपत्रिकेबरोबरच्या कागदांवर असतेच. वाचणारीला हवे असते ते वेगळेच. तिथे तू नुसती उभी होतीस, की काम केलेस?

म्हणून आम्ही ताईला तीन रकाने आखायला सांगितले. पहिला रकाना, मी पाहिले. दुसरा, मी मदत केली. तिसरा, मी देखरेखीखाली स्वतः केले. तिची नोंदवही समोर ठेवली. तिच्यात प्रत्येक कामापुढे शिकवणाऱ्या सिस्टरची सही होती. नाडी, श्वास, ताप आणि रक्तदाब मोजणे, औषधे देणे, जखमेचे ड्रेसिंग करणे, सलाईनवर लक्ष ठेवणे ही कामे तिसऱ्या रकान्यात गेली. श्वासाच्या यंत्रावरचा रुग्ण तिने फक्त पाहिला होता. तो पहिल्या रकान्यात गेला. एजंटाने जो अतिदक्षता विभाग 'एकटीने सांभाळला' होता, तो हाच!

बाळंतपणाचा रकाना भरताना एक गोष्ट निघाली. आपल्याकडे हा अभ्यासक्रम केलेली मुलगी नर्सही असते आणि सुईणही असते. नोंदणी दोन्हीची होते. इंग्लंडात तसे नाही. तिथे सुईण हा निराळा पेशा आहे आणि त्याची नोंदणीही निराळी आहे. ताई तिथे नर्स म्हणून गेली, तर तिला बाळंतपणाचे काम मिळणार नाही. म्हणून केलेल्या बाळंतपणांचा उल्लेख एका वाक्यात करावा. पण 'मी सुईण म्हणून काम करीन' असे लिहू नये.

नंतर आम्ही तिला विचारले, "एखादा रुग्ण आठवतो का, जिथे तुझ्या लक्षात आलेल्या गोष्टीने फरक पडला?"

ती लगेच म्हणाली, "विंचवाचा."

आपल्या कोकणात लाल विंचू असतो. तो चावला की नुसती कळ येऊन थांबत नाही. घाम सुटतो, हातपाय गार पडतात, आणि कधी कधी हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी होते. आपल्याच जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन हे औषध लागू पडते, हे जगाला दाखवून दिले. हे औषध दिले की रुग्णाला आडवे ठेवून नाडी, श्वास आणि रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजावा लागतो. पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने. ताईकडे एका रात्री तेच काम होते. दोन वेळा मोजल्यावर तिला दिसले की श्वास वाढतो आहे आणि खोकला सुरू झाला आहे. तिने लगेच सिस्टरना सांगितले. सिस्टरनी डॉक्टरांना बोलावले.

ताई म्हणाली, "पण इंग्लंडात असला विंचू कुठे असतो?"

आम्ही म्हटले, "विंचू नसेल. पण श्वास वाढलेला रुग्ण प्रत्येक वॉर्डात असतो. तू मोजलेस, लिहून ठेवलेस आणि वेळेत सांगितलेस. वाचणारीला तेच हवे आहे." फक्त एक पथ्य पाळायचे. रुग्णाचे नाव, गाव, धंदा लिहायचा नाही. रुग्णाची गोष्ट बाहेर न फोडणे हाही नर्सचा धर्म आहे. पत्रात तो मोडला, तर वाचणारी बाई तिथेच थांबते.

आता तिसरा प्रश्न, परवान्याचा. हा जिना आहे. एकेक पायरी चढावी लागते. पहिली पायरी, अंतिम परीक्षा पास होणे. दुसरी, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी. पास होणे आणि नोंदणी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवावे. तिसरी, इंग्रजीची परीक्षा. आयईएलटीएस किंवा ओईटी यांपैकी एक चालते. ओईटी ही आरोग्यसेवकांसाठीच आहे. तिच्यात ऐकणे, वाचणे आणि बोलणे यांत बी श्रेणी लागते, आणि लिहिण्यात सी प्लस चालते. चौथी पायरी, संगणकावरची परीक्षा. तिला सीबीटी म्हणतात. ती भारतातच देता येते. तिचे दोन भाग असतात. एका भागात औषधाचे हिशेब असतात, दुसऱ्यात रुग्णसेवेचे प्रश्न. हिशेब कसा, ते पाहा. ५०० मिलीलिटर सलाईन ४ तासांत द्यायचे आहे. नळी अशी की तिच्यातून २० थेंब पडले की १ मिलीलिटर होते. म्हणजे एकूण थेंब १०,०००. चार तासांची मिनिटे २४०. भागाकार केला की मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडले पाहिजेत.

पाचवी पायरी इंग्लंडला पोचल्यावरची. तिला ऑस्की म्हणतात. तिच्यात दहा टप्पे असतात, आणि परीक्षकासमोर प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते. कामावर रुजू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती पहिल्यांदा द्यावी लागते. ती पास झाल्यावर नाव नोंदवहीत लागते. तोपर्यंत नर्स म्हणून काम करता येत नाही. हुद्दा खालचा राहतो आणि पगारही कमी असतो. म्हणून कोणी 'परवाना झाला आहे' असे लिहिले, आणि बाई अजून भारतातच असली, तर वाचणारीला ते खोटे आहे हे लगेच समजते.

पत्रात काय लिहायचे? कोणत्या पायऱ्या कोणत्या महिन्यात चढलो आणि कोणत्या उरल्या, एवढेच. उरलेली पायरी लपवू नये. ती स्पष्ट लिहिली की रुग्णालयाला पुढची तयारी करता येते.

आम्ही तिघे बसलो आणि पत्र पुरे केले. पाठवायचे ते इंग्रजीत होते. पण घरच्यांना कळावे म्हणून ताईने ते मराठीतही लिहिले. ते असे:

"माननीय वॉर्डप्रमुख यांस,

आपल्या रुग्णालयातील वृद्ध रुग्णांच्या औषधोपचार वॉर्डात नर्सच्या जागेसाठी मी अर्ज करीत आहे. मी भारतातील महाराष्ट्र राज्यातून जनरल नर्सिंग अँड मिडवायफरीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम २०२४ साली पूर्ण केला. मी नुकतीच पात्र झालेली नर्स आहे. नोकरीचा अनुभव मला अजून नाही.

शिक्षणात मी औषधोपचाराच्या वॉर्डात १४ आठवडे काम केले. तिथले बरेचसे रुग्ण साठीच्या पुढचे होते. देखरेखीखाली मी स्वतः नाडी, श्वास, ताप व रक्तदाब मोजले, औषधे दिली, ड्रेसिंग केले आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची कूस बदलली. शस्त्रक्रिया, लहान मुले, बाळंतपण, मनोरुग्ण आणि गावचे आरोग्य केंद्र येथेही माझ्या प्लेसमेंट झाल्या. अतिदक्षता विभागातील काम मी पाहिले आहे, स्वतः केलेले नाही.

एका रात्री विषबाधेच्या एका रुग्णावर दर अर्ध्या तासाने लक्ष ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. त्याचा श्वास वाढत असल्याचे मला दिसले. मी नोंद केली व लगेच वरिष्ठ नर्सना सांगितले. डॉक्टर वेळेवर आले. एकच आकडा पाहून थांबू नये, तो वाढतो की घटतो ते पाहावे, हे मी त्या रात्री शिकले.

महाराष्ट्र परिचर्या परिषदेत माझी नोंदणी जानेवारी २०२५ मध्ये झाली. ओईटी मार्च २०२५ मध्ये व सीबीटी मे २०२५ मध्ये उत्तीर्ण झाले. ऑस्की बाकी आहे. तिची तयारी मी सुरू केली आहे. माझ्या शिक्षणाची खात्री माझ्या संस्थेच्या प्राचार्यांकडून करून घेता येईल.

आपली नम्र"

पत्र तयार झाले. ताईने ते वडिलांना वाचायला दिले. त्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवून ते सगळे वाचले. वाचून झाल्यावर म्हणाले, "खाली नाव कोणतं लिहिणार?"

ताई म्हणाली, "म्हणजे काय बाबा? माझंच."

त्यांनी पासपोर्ट आणि गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवली. "मला इंग्रजी येत नाय. पण अक्षरं जुळवून बघतो ना. इथं पहिला शब्द आखूड, तिथं पहिला शब्द लांब. आणि ह्या शब्दात इथं एक अक्षर जास्त आहे."

आम्ही पाहिले. गृहस्थांचे म्हणणे खरे होते. गुणपत्रिकेत आडनाव आधी होते. पासपोर्टात ते शेवटी होते. ते एक वेळ चालले असते, पत्रात खुलासा करता आला असता. पण वडिलांच्या नावाचे स्पेलिंग दोन्हीकडे वेगळे होते. अशा एका अक्षरापायी अर्ज महिनोन्‌महिने अडकतो, कारण तपासणाऱ्याला या दोन वेगळ्या मुली वाटू शकतात. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचीही हीच अडचण होते. म्हणून नियम असा, की पत्रात नाव पासपोर्टात असेल तसेच लिहावे, आणि बाकीच्या कागदांतला फरक अर्ज करण्याआधी प्रतिज्ञापत्राने किंवा राजपत्राने दुरुस्त करून घ्यावा. ताईचे पत्र तेवढ्यासाठी काही आठवडे थांबले.

आता दोन लाखांचे काय? भारताच्या नियमाप्रमाणे परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाकडे सरकारी परवाना लागतो. त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर एवढेच घेता येतात. परवाना खरा आहे का, हे emigrate.gov.in या सरकारी पानावर पाहता येते. इंग्लंडची आचारसंहिता तर म्हणते की, नोकरी लावून देण्याबद्दल नर्सकडून पैसे घ्यायचेच नाहीत. परीक्षांची फी मात्र खरी आहे आणि ती भरावी लागते. कोणता पैसा परीक्षेचा आणि कोणता एजंटाचा, हे वेगवेगळे लिहून मागावे, आणि पावती घ्यावी. एजंटाने पावती द्यायला टाळाटाळ केली, तर समजून घ्यावे.

ताईने पत्र चार रुग्णालयांना पाठवले. दोघांनी उत्तरच दिले नाही. एकाने कळवले की, आम्हाला वर्षभराचा अनुभव हवा. चौथ्याने मुलाखतीला बोलावले. मुलाखत संगणकावरून झाली. त्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "त्या रात्री श्वास किती होता, आणि तुम्ही सिस्टरना नेमके काय सांगितले?"

ताईला उत्तर पाठ करावे लागले नव्हते. ती त्या खाटेशेजारी उभी होती.